फॉर्ममध्ये न मागितलेली वीस मिनिटं

*मी अमळनेर तालुक्यातला. वय २४, बी.कॉम. झालंय. दोन्ही डोळ्यांची नजर चष्मा लावूनही ६/३६ आहे, अल्पदृष्टीचं ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आहे. मागच्या खेपेला एका बँकेच्या क्लार्कच्या पूर्व परीक्षेला बसलो. स्क्रीनवरचं अक्षर बारीक, वेळ सगळ्यांइतकाच. पर्यवेक्षकांना कार्ड दाखवलं तर ते म्हणाले, "सिस्टीममध्ये तुमचं काही नाही, आम्ही काही करू शकत नाही." फी मात्र दिव्यांगाचीच भरली होती. आता परत फॉर्म निघणार आहे. जादा वेळ कोणाकडे आणि कसा मागायचा? माझ्या मामाच्या मुलीला डिस्लेक्सिया आहे, ती १९ वर्षांची आहे. तिलाही हे मिळतं का?*

भाऊ, पर्यवेक्षक बोलले ते खरं होतं, आणि घोळही नेमका तिथेच आहे. बँकांच्या परीक्षा संगणकावर होतात. तुमच्या स्क्रीनवरचं घड्याळ केंद्रावरचा माणूस लावत नाही, ते सर्व्हरवरून येतं, आणि सर्व्हरला तुमच्याबद्दल फक्त तुमचा अर्ज सांगतो. सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणारी संस्था म्हणजे आयबीपीएस; तिच्या जाहिरातीत ही गोष्ट दरवर्षी स्पष्ट लिहिलेली असते: वाढीव वेळ प्रणालीतून मिळतो, त्यामुळे ज्याने अर्जात तशी नोंद केलेली नाही त्याला केंद्रावर तो देता येणार नाही. म्हणजे जादा वेळ परीक्षेच्या दिवशी मागायची गोष्टच नाही. तो फॉर्म भरताना मागायचा, आणि मागितलेला नीट नोंदला गेला की नाही ते परीक्षेआधी तपासायचं.

मग फी दिव्यांगाची कशी लागली? कारण फॉर्ममध्ये तीन गोष्टी तीन ठिकाणी विचारतात आणि लोक त्यांना एकच समजतात. पहिली गोष्ट आरक्षणाची. तुम्ही दिव्यांग प्रवर्गातून अर्ज करताय का, प्रकार कोणता, टक्केवारी किती. दुसरी फी, ती पहिल्या उत्तरावरून आपोआप कमी होते. आयबीपीएसला इतरांच्या ८५० रुपयांऐवजी १७५. आणि तिसरी गोष्ट सोयीची: लेखनिक, म्हणजे तुमच्यासाठी प्रश्न वाचून उत्तरं नोंदवणारा माणूस, हवा का, मजकूर मोठ्या अक्षरात हवा का, वाढीव वेळ हवा का. ही तिसरी चौकट स्वतंत्र असते. तिथे "नाही" राहिलं तरी फॉर्म सुरळीत पुढे जातो, कुठेही लाल अक्षरात चूक दाखवत नाही. तालुक्याच्या ठिकाणी फॉर्म बहुतेक ऑनलाइन सेंटरवाला भरतो, दुकानात मागे रांग असते, आणि ज्याचा अर्थ पटकन लागत नाही त्या प्रश्नाला तो सरळ "नाही" करून पुढे जातो. तुमचंही असंच झालं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. मागच्या अर्जाची प्रिंट घरात असेल तर काढून बघा. त्या चौकटीत "नाही" असेल तर भांडायला जागा उरत नाही. "होय" असेल आणि तरी वेळ मिळाला नसेल, तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येऊ.

यावेळी फॉर्म भरताना सेंटरवर शेजारी बसा आणि दिव्यांगत्वाचं पान उघडलं की प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून घ्या. शक्य असेल तर दुपारी जा, गर्दी कमी असते. तुमच्यासाठी उत्तरं साधारण अशी: दिव्यांग होय, प्रकार अल्पदृष्टी, टक्केवारी ४०, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख कार्डावर आहे तीच. लेखनिक नाही, मोठं अक्षर होय, वाढीव वेळ होय. लेखनिक आणि मोठं अक्षर या दोन्ही सोयी एकत्र मिळत नाहीत. आयबीपीएसचा नियम असा आहे की जो लेखनिक घेतो त्याला मोठ्या अक्षराची सोय दिली जात नाही. काहीजण सुरक्षित म्हणून दोन्हींना होय करायला बघतात, तो प्रकार टाळा. अंतिम सबमिट करण्याआधी पूर्ण अर्ज एकदा पडद्यावर दिसतो, तिथे या ओळी परत वाचून घ्या आणि मगच पैसे भरा. पैसे भरल्यावर दुरुस्तीची खिडकी उघडली तर ती ठराविक दिवसांपुरतीच असते, तिच्या भरवशावर राहू नका.

लेखनिक की मोठं अक्षर, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण हा निर्णय फॉर्मच्याच वेळी करावा लागतो म्हणून दोन शब्द. ६/३६ म्हणजे निरोगी डोळा जी ओळ ३६ मीटरवरून वाचतो ती तुम्हाला ६ मीटरवर येऊन वाचावी लागते. इतक्या नजरेला स्क्रीन बहुतेक वेळा वाचता येते, फक्त अक्षर मोठं आणि मान पुढे लागते. लेखनिक घेतला तर तो तुम्हाला स्वतः शोधावा लागतो, त्याची शैक्षणिक पात्रता नियमात बसावी लागते, दोघांनी हमीपत्र द्यावं लागतं, आणि गणिताचा तक्ता तोंडी ऐकून डोक्यात धरणं हे स्वतः वाचण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. लेखनिकाच्या पात्रतेचे नियम गेल्या काही वर्षांत कडक होत चालले आहेत, तेव्हा घ्यायचाच झाला तर चालू जाहिरातीतलाच परिच्छेद वाचा, मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जाऊ नका. आमचं मत विचाराल तर तुमच्या नजरेला मोठं अक्षर बरं. मात्र अर्ध्या तासात डोळे पाणावून अक्षरं एकमेकांत मिसळायला लागत असतील, तर मत बदलावं लागेल. ते घरी कसं तपासायचं ते खाली आहे.

आता कागद. तुमची टक्केवारी बरोबर लागलेली आहे. नजरेच्या टक्केवारीचा तक्ता केंद्र सरकारने ठरवून दिलेला आहे: चष्म्यासह चांगल्या डोळ्याची नजर ६/२४ ते ६/६० मध्ये आणि दुसऱ्या डोळ्याचीही त्याच पट्ट्यात असेल तर ४० टक्के. ४० हीच कायद्यातली उंबरठ्याची संख्या, म्हणून तुम्ही थेट नियमात बसता. (पत्रं येतात म्हणून इतर वाचकांसाठी इथेच सांगतो: एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर त्याच तक्त्यात ३० टक्केच येतात. बोर्डाने कमी दिले अशी तक्रार घेऊन फिरून उपयोग नाही, तक्ताच तसा आहे.)

टक्केवारी ठीक असली तरी कार्डावर दोन गोष्टी बघा. प्रमाणपत्र कायमचं आहे की मुदतीचं? नजर कमी-जास्त होणारा आजार असेल तर बोर्ड मुदत घालतं, आणि मुदत संपलेलं प्रमाणपत्र कागदपत्र तपासणीच्या दिवशी, म्हणजे पूर्व आणि मुख्य दोन्ही पास झाल्यावर, अडतं. त्या टप्प्यावर अडणं सगळ्यात वाईट. दुसरं, नाव. आपल्याकडे आधारवर आडनाव आधी, दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव "भाऊसाहेब" तर कार्डावर "भावसाहेब", इंग्रजी स्पेलिंग तिसरंच, हे सर्रास चालतं. दहावीच्या प्रमाणपत्रातलं नाव प्रमाण धरा आणि कार्डावरचं त्याला जुळवून घ्या. यूडीआयडीची दुरुस्ती किंवा नूतनीकरण swavlambancard.gov.in वरून करता येतं. तपासणीसाठी परत बोलावलं तर जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावं लागेल. दोन-तीन महिने हाताशी धरूनच हे काम काढा. जाहिरात निघाल्यावर काढलं तर वेळेत होणार नाही.

किती वेळ मिळतो? दर तासाला किमान २० मिनिटं. २९ ऑगस्ट २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हेच प्रमाण आहे, आणि आयबीपीएसही तेच पाळते. तीन तासांच्या पेपरला १ तास, दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. क्लार्कच्या पूर्व परीक्षेला १०० प्रश्न आणि ६० मिनिटं असतात, तेव्हा तुमची ८० मिनिटं होतात. प्रश्नामागे ३६ सेकंदांचे ४८ सेकंद. पण ही परीक्षा तीन भागांत, प्रत्येकी २० मिनिटांच्या स्वतंत्र घड्याळावर चालते. तेव्हा वाढीव वेळ शेवटी एकगठ्ठा हातात येईल आणि तो सगळा गणिताला घालू, असा हिशेब करू नका. तो भागांमध्ये वाटला जातो, साधारण प्रत्येक भागाला सहा-सात मिनिटं, आणि इंग्रजीत वाचलेली मिनिटं गणितात नेता येत नाहीत.

याचा सरावावर थेट परिणाम होतो. बहुतेक उमेदवार सराव मोबाईलवर, साध्या वेळेत करतात आणि परीक्षेत मोठं अक्षर पहिल्यांदाच बघतात. तिथे फटका बसतो तो असा. अक्षर मोठं केलं की स्क्रीनवर मावणारा मजकूर कमी होतो. माहितीच्या तक्त्यात पाच कंपन्या आणि सहा वर्षं असतील तर शेवटची दोन वर्षं उजवीकडे पडद्याबाहेर जातात आणि प्रश्न खाली ढकलला जातो. तुम्ही तक्ता बघता तेव्हा प्रश्न दिसत नाही, प्रश्न बघता तेव्हा तक्ता दिसत नाही. वर-खाली, डावी-उजवीकडे माऊस फिरवण्यातच वाढीव मिनिटं संपतात आणि माणूस म्हणतो, जादा वेळ मिळूनही काही फरक पडला नाही.

म्हणून सराव असा करा. लॅपटॉप किंवा सेंटरवरचा संगणक घ्या, मोबाईल नको. कुठल्याही सराव परीक्षेच्या पानावर Ctrl दाबून धरून + चार-पाचदा दाबा, अक्षर १५० ते २०० टक्क्यांवर येऊ द्या. जिथे मान न वाकवता वाचता येतं तो आकडा लिहून ठेवा, समजा १७५. त्याच आकड्यावर रोज एक भाग २६ मिनिटं लावून सोडवा. तक्त्याचा प्रश्न आला की आधी प्रश्न वाचा, लागणाऱ्या दोन-तीन संख्या कच्च्या कागदावर जाड रेघेच्या काळ्या पेनाने मोठ्या लिहा, आणि मगच आकडेमोड करा; तक्त्याकडे दुसऱ्यांदा जायची वेळ येऊ देऊ नका. उताऱ्याच्या बाबतीत उलट करा, उतारा एकदा सलग वाचून मग प्रश्नांकडे या, कारण प्रत्येक प्रश्नासाठी परत वर जाणं मोठ्या अक्षरात फार महाग पडतं. आठवडाभर असं करून तिसऱ्या भागापर्यंत डोळे टिकले तर मोठ्या अक्षराचा पर्याय बरोबर आहे. नाही टिकले तर फॉर्म भरायच्या आतच लेखनिकाचा विचार करा.

हातात धरायचं भिंग वापरत असाल तर तेही आधी लेखी विचारून ठेवा. सहायक साधनं दिव्यांग उमेदवाराला वापरू द्यावीत असं मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे, पण दारावर झडती घेणाऱ्या माणसाने त्या वाचलेल्या नसतात. परवानगीचा ईमेल छापून खिशात असला की वाद होत नाही.

प्रवेशपत्र डाउनलोड झालं की त्याच दिवशी ते कोणाकडून तरी ओळीने वाचून घ्या. दिव्यांग प्रकार, लेखनिक, वाढीव वेळ यांपैकी काय नोंदलंय ते बघा. अर्जात "होय" आहे आणि प्रवेशपत्रावर काहीच दिसत नाही, किंवा उलटंच दिसतंय, तर थांबू नका. आयबीपीएसचं तक्रारीचं पान cgrs.ibps.in आहे, तिथे नोंदवा. मजकूर लहान आणि मुद्द्याचा असू द्या. साधारण असा:

"नोंदणी क्रमांक …. दिव्यांगत्व: अल्पदृष्टी, ४० टक्के, यूडीआयडी क्रमांक …. मी ऑनलाइन अर्जात मोठ्या अक्षराची सोय आणि वाढीव वेळ यांसाठी 'होय' नोंदवले आहे, अर्जाची प्रत सोबत. प्रवेशपत्रावर तशी नोंद दिसत नाही. माझी परीक्षा दि. … रोजी … वाजता आहे. परीक्षेपूर्वी प्रणालीत नोंद करून तसे लेखी कळवावे. वाजवी सोय नाकारणे हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २ नुसार भेदभाव ठरतो."

पत्रव्यवहार इंग्रजीत मागत असतील तर हाच मजकूर इंग्रजीत करून घ्या. लांबलचक हकिगत, घरची परिस्थिती, मागच्या वेळी काय झालं, हे त्यात नको. वाचणाऱ्याला एकच गोष्ट शोधायची असते: अर्जात होतं की नव्हतं. शेवटचं वाक्य मात्र ठेवा. कायद्याने भेदभावाच्या व्याख्येतच वाजवी सोय नाकारणं घातलेलं आहे, आणि हे वाक्य दिसलं की अर्ज बहुधा वरच्या टेबलावर जातो.

परीक्षेच्या दिवशी केंद्र जळगाव असो की धुळे, दिलेल्या वेळेच्या आधीच पोहोचा. सकाळचं सत्र असेल आणि गाडी उशिरा पोहोचणार असेल तर आदल्या रात्रीच जा, कारण तुमचं काम इतरांपेक्षा एकाने जास्त आहे. बायोमेट्रिक झालं की बसण्याआधी केंद्रप्रमुखांना भेटा, प्रवेशपत्र आणि कार्ड दाखवा, मोठ्या अक्षराची आणि वाढीव वेळेची नोंद आहे का ते विचारा. जागा खिडकीसमोरची असेल तर बदलून मागा. आपल्याकडच्या उन्हाची तिरीप पडद्यावर आली की १७५ टक्क्यांचं अक्षरही पुसट होतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची दोन मिनिटं. लॉगिन झाल्यावर परीक्षा लगेच सुरू होत नाही, आधी सूचनांचं पान येतं. त्यात परीक्षेची एकूण वेळ मिनिटांत लिहिलेली असते. इतर उमेदवार हे पान न वाचता खाली जातात. तुम्ही फक्त हाच आकडा शोधा. ८० दिसला तर काम झालं. ६० दिसला तर सुरू करायचं बटण दाबू नका. हात वर करा आणि पर्यवेक्षकाला स्पष्ट सांगा: "माझा वाढीव वेळ प्रणालीत दिसत नाही, परीक्षा सुरू होण्याआधी केंद्रप्रमुखांना बोलवा." बटण दाबायच्या आधी ही चूक वरून दुरुस्त होण्याची थोडी तरी शक्यता असते. एकदा घड्याळ पळायला लागलं की केंद्रावरचं कोणीच काही करत नाही. अक्षराचंही तसंच: सूचनांच्या पानावरच ते मोठं करून बघा, होत नसेल तर तिथेच सांगा.

तरीही नाही म्हणाले तर? उठून जाऊ नका, पेपर द्या. न देता निघून गेलात तर पुढे तक्रारीत पहिला प्रश्न तोच येतो. बाहेर आल्यावर, मोबाईल हातात येताच, वेळ, खोली क्रमांक, कोणाशी काय बोलणं झालं ते लिहून काढा आणि त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवा. त्यानंतरची पायरी नवी दिल्लीचे दिव्यांगजन मुख्य आयुक्त. सरकारी बँका केंद्राच्या, म्हणून हे. राज्याची भरती असती, एमपीएससी किंवा जिल्हा परिषद, तर पुण्याचे दिव्यांग आयुक्त. सरकारी आस्थापनेला कलम २३ प्रमाणे स्वतःचा तक्रार निवारण अधिकारीही नेमावा लागतो आणि त्याने नोंदलेल्या तक्रारीची दोन आठवड्यांत चौकशी करायची असते.

या वाटेकडून काय मिळतं याबद्दल मात्र डोळे उघडे ठेवा. २०२१ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला बसलेल्या, डिसग्राफिया म्हणजे लिहिण्याची अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला तिच्या हक्काचा एक तास दिला गेला नाही, पेपर काढून घेतला. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाला हे मान्य केलं, परीक्षा घेणाऱ्या संस्थेला खडसावलं, अन्याय कसा दूर करता येईल याचा एका आठवड्यात विचार करायला सांगितलं, पण फेरपरीक्षा दिली नाही. परीक्षा होऊन गेल्यावर हक्क सिद्ध होतो, गेलेली मिनिटं मात्र परत येत नाहीत. म्हणूनच आम्ही प्रवेशपत्र आणि सूचनांचं पान यांवर इतकं बोललो.

आता मामाच्या मुलीचं. तिलाही मिळतं. २०१६ च्या कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि डिस्लेक्सिया तिच्यात येतो. पण तिची वाट तुमच्यापेक्षा लांब आहे, कारण तिच्याकडे बहुधा योग्य कागदच नसेल. दहावीला शाळेमार्फत बोर्डाची सवलत मिळाली असेल तर ते पत्र नोकरीच्या परीक्षेला चालत नाही. खाजगी मानसोपचारतज्ज्ञाचा अहवालही चालत नाही, तो फक्त तपासणीला आधार म्हणून कामी येतो. लागतं ते सरकारी वैद्यकीय मंडळाचं टक्केवारी असलेलं दिव्यांगत्व प्रमाणपत्र. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांपासून पुढे मिळतं, १४ आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी असते, आणि १८ व्या वर्षी मिळालेलं कायमचं धरलं जातं. ती १९ ची आहे, म्हणजे आता एकदा तपासणी झाली की पुन्हा पुन्हा जावं लागणार नाही.

यूडीआयडीच्या संकेतस्थळावर अर्ज करून रुग्णालयात जा. धुळ्याकडचे असाल तर हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, नंदुरबारकडचे असाल तर तिथलं शासकीय महाविद्यालय. तिथे आधी डोळे-कान तपासून इतर कारण नाही ना हे बघतात, मग बुद्ध्यंक चाचणी, आणि त्यानंतर वाचन, लेखन, गणित यांची चाचणी होते. ही चाचणी घेणारा मानसशास्त्रज्ञ रोज हजर असेलच असं नाही, दुसऱ्या रुग्णालयात पाठवूही शकतात. म्हणून निघण्याआधी फोन करून त्या विभागाचा वार विचारा. सोबत शाळेच्या जुन्या वह्या, गुणपत्रिका, दहावीच्या सवलतीचं पत्र न्या. अडचण लहानपणापासूनची आहे हे दाखवायला वह्यांइतका चांगला पुरावा नाही.

त्याच फेरीत दुसरा कागदही मागून घ्या, हा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अंधत्व, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सी सोडून इतर प्रकारांना लेखनिक घ्यायचा तर "लिहिण्यात अडचण आहे" असं वेगळं प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सक किंवा वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीचं लागतं. त्याचा नमुना जाहिरातीच्या शेवटी जोडलेला असतो. तो छापून रुग्णालयात घेऊन जा. डॉक्टरांना तोंडी सांगितलं तर ते लेटरहेडवर आपल्या शब्दांत लिहून देतात आणि ते नमुन्याशी जुळत नाही म्हणून फेटाळलं जातं. नमुन्यातले शब्द लिहिण्याच्या अडचणीचे असतात आणि डिस्लेक्सियाची मुख्य अडचण वाचनाची, हे खटकेल. वाचनाचा वेग आणि लिहिण्याचा वेग दोन्ही चाचणी अहवालात आकड्यांत नोंदवायला सांगा, म्हणजे सही करणाऱ्याला आधार राहतो.

तिची टक्केवारी ४० पेक्षा कमी आली तर? पूर्वी विषय इथेच संपायचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या यूपीएससीविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिक ४० टक्क्यांपुरताच मर्यादित ठेवता येणार नाही. त्यावरून १० ऑगस्ट २०२२ ला ४० टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना निघाल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा सांगितलं की या सोयी सगळ्याच दिव्यांग उमेदवारांना मिळाव्यात. मात्र २०२२ च्या त्या सूचनांप्रमाणे एका डॉक्टरची सही पुरत नाही, तज्ज्ञांच्या मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा नमुनाही वेगळा असतो. आणि सोय मिळाली तरी आरक्षण मिळत नाही. आरक्षणाला ४० टक्के लागतातच. फॉर्म भरताना ही गल्लत झाली तर आरक्षित जागेवर अर्ज केला म्हणून उमेदवारीच रद्द होऊ शकते.

ती एमपीएससीकडे वळणार असेल तर तिथल्या जाहिरातीत हाच वेळ "अनुग्रह कालावधी" या नावाने शोधा. तिथे अर्जात मागणी करून आयोगाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, आणि परवानगीचं पत्र परीक्षेला सोबत न्यावं लागतं.